उशिरा आलेला माल, दंडाचे कलम आणि एक सभ्य पत्र

नाशिकच्या डाव्या कालव्यावर, दुसऱ्या मैलापाशी, आळंदी नदीवरून कालवा पलीकडे नेणारा जलसेतू बांधायचा होता. ५ जुलै १९५५ रोजी काम सुरू झाले आणि मुदत होती बारा महिन्यांची. वर्ष उलटले तरी काम अपुरेच राहिले. २७ ऑगस्ट १९५६ रोजी सरकारी अभियंत्यांनी ठेकेदाराला पत्र धाडले की, मुदत संपली आहे आणि १६ ऑगस्टपासून करार रद्द समजावा. वरवर पाहता त्यात खटकण्यासारखे काही नाही. काम वेळेत झाले नाही, म्हणून करार मोडला. पण 'हिंद कन्स्ट्रक्शन काँट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने हे प्रकरण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, तेव्हा न्यायालयाने ठरवले की करार असा रद्द करणे चूक होते.

न्यायालयाचे बोट त्याच करारातल्या दोन कलमांकडे होते. काम लांबले तर दिवसाच्या हिशेबाने भरपाई कापायची, हे एक. रास्त कारण असेल तर मुदत वाढवून द्यायची, हे दुसरे. न्यायालयाचा युक्तिवाद साधा होता. उशीर झाला तर किती पैसे कापायचे आणि मुदत कशी वाढवायची हे तुम्ही आधीच लिहून ठेवले आहे, म्हणजे काम उशिरा झाले तरी ते तुम्हाला चालणार होते. मग मुदत टळल्याच्या कारणावरून तडकाफडकी करार मोडता येत नाही. आधी नोटीस देऊन नवी, वाजवी मुदत घालायला हवी होती, आणि तीही टळली असती तर करार मोडता आला असता.

उशिरा आलेला माल परत पाठवणाऱ्या आणि त्याच कागदात दंडही मागणाऱ्या प्रत्येक पत्रापुढे हीच अडचण उभी असते. 'माल नको' आणि 'दंड भरा' ही वाक्ये एका दमात लिहिली जातात, पण कायद्याच्या दृष्टीने ती वेगवेगळ्या वाटांनी जातात. दंड बहुधा उशिरा का होईना पण घेतलेल्या मालावर बसतो. घेतच नाही म्हटलेल्या मालाबद्दल मागायची असते ती नुकसानभरपाई. कोणत्या मालाला कोणती वाट, हे ज्याने आधी ठरवले त्याचे पत्र टिकते.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचे कलम ५५ मुदतीबद्दल तीन गोष्टी सांगते. मुदत हा कराराचा मूलभूत भाग असेल आणि ती पाळली गेली नाही, तर समोरच्याला करार सोडून देता येतो. मुदत तितकी मूलभूत नसेल तर करार सोडता येत नाही, फक्त झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. तिसरी गोष्ट खरेदी खात्यात फारशी कोणाच्या लक्षात नसते. करार सोडण्याचा हक्क असूनही उशिरा आलेले काम किंवा माल तुम्ही घेतलात, तर उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. अपवाद एकच : स्वीकारतानाच 'आम्ही भरपाई मागणार आहोत' अशी सूचना दिलेली असावी लागते. माल उतरवून घेतला, वापरला, आणि दोन महिन्यांनी बिल पास करताना लेखापालाला दंडाचे कलम आठवले, तर सूचनेची वेळ निघून गेलेली असते.

व्यवहारात हे कसे उतरते ते एका काल्पनिक, पण महाराष्ट्रात कुठेही घडेल अशा उदाहरणातून पाहू. एका तालुक्याच्या गावातली नागरी पतसंस्था. २०२५ च्या दिवाळीत सभासदांना भेट म्हणून स्टीलचे डबे द्यायचे संचालक मंडळाने ठरवले. डबे २,०००, झाकणावर संस्थेचे नाव कोरलेले, दर नगाला २४० रुपये, कर वेगळा. मालाची किंमत ४ लाख ८० हजार. १८ ऑगस्टला ऑर्डर गेली आणि चौथा हिस्सा, म्हणजे १ लाख २० हजार रुपये, आगाऊ दिले. पुरवठादार म्हणजे भांडी बनवणारा एक छोटा कारखाना.

ऑर्डरच्या मागच्या बाजूला चार अटी होत्या. माल ३० सप्टेंबरपर्यंत पोचवायचा. उशीर झाल्यास उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला, किंवा आठवड्याच्या भागाला, एक टक्का भरपाई बिलातून कापली जाईल, पण ती एकूण दहा टक्क्यांपलीकडे जाणार नाही. भेट दिवाळीपूर्वी वाटायची असल्याने मुदत हा कराराचा मूलभूत भाग आहे, आणि मुदतीनंतर दहा दिवसांतही न आलेला माल नाकारण्याचा हक्क संस्थेला राहील. नाकारलेल्या मालाऐवजी दुसरीकडून खरेदी करावी लागली, तर दरातला फरक पुरवठादाराकडून वसूल केला जाईल.

दुसरी आणि तिसरी अट शेजारी शेजारी आहेत, हे पाहण्यासारखे आहे. इथे दंड आहे, पण दंड कुठवर चालेल आणि नकार कुठून सुरू होईल याची रेघ आखलेली आहे. शिवाय कारणही लिहिले आहे : दिवाळी. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, त्यामुळे वाटप १६ ते १८ ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारस आणि धनत्रयोदशीच्या आसपास. दिवाळीची भेट दिवाळीनंतर निरुपयोगी ठरते, हे मग वेगळे सिद्ध करत बसावे लागत नाही.

माल दोन खेपांत आला. १,४०० डबे ९ ऑक्टोबरला आले, उरलेले ६०० दिवाळी आटोपल्यावर, २४ तारखेला.

पहिली खेप संस्थेला हवीच होती. ती उतरवून घेतली, पण त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र गेले : '१,४०० डबे आज मुदतीनंतर मिळाले. ते स्वीकारत आहोत. ऑर्डरमधील अट २ नुसार विलंबाची भरपाई बिलातून कापण्याचा हक्क राखून ठेवत आहोत.' कलम ५५ ला हवी असलेली सूचना ती एवढीच. तिला वकील लागत नाही, लागते ती तारीख आणि पोच.

उरलेल्या ६०० साठी संस्थेने लगेच नकार दिला नाही. ठरलेले दहा दिवस संपेपर्यंत वाट पाहिली आणि १५ ऑक्टोबरला सकाळी कळवले की, ६०० डब्यांची ऑर्डर अट ३ नुसार रद्द करत आहोत. त्याच दिवशी गावातल्या तीन भांडीवाल्यांकडून दरपत्रके घेतली. त्यांतल्या सर्वांत कमी दराने, २७५ रुपयांना, त्याच मापाचे पण बिननावाचे ६०० डबे घेतले आणि वाटप पार पडले.

२४ तारखेला दुपारी टेम्पो दाराशी आला. अशा वेळी घोटाळा हमखास चलनावर होतो. ड्रायव्हर घाईत असतो, शिपाई चलनावर संस्थेचा गोल शिक्का उमटवतो आणि छापील ओळीखाली सही ठोकतो : 'माल चांगल्या स्थितीत मिळाला.' माल विक्री कायदा १९३० च्या कलम ४२ नुसार माल स्वीकारला असे तीन प्रसंगी धरले जाते. खरेदीदाराने तसे कळवले तर, मालाचा मालकासारखा उपयोग केला तर, किंवा नाकारल्याचे न कळवता माल वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतला तर. नुसत्या सहीने स्वीकृती होतेच असे नाही, पण सहीबरोबर महिनाभराचे मौन आले की नकार देणे अवघड होऊन बसते. म्हणून चलनावर हातानेच लिहायचे : 'ऑर्डर १५/१०/२५ रोजी रद्द. माल स्वीकारलेला नाही. केवळ सांभाळण्यासाठी उतरवून घेतला.' खाली तारीख, वेळ, सही, आणि मोबाइलवर चलनाचा फोटो.

टेम्पो परत पाठवला असता तर चालले नसते का? चालले असते. पण ड्रायव्हर ऐकत नसेल किंवा माल उतरवून झाला असेल, तरी बिघडत नाही. त्याच कायद्याचे कलम ४३ सांगते की, वेगळे ठरले नसेल तर नाकारलेला माल परत पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नसते. नाकारत असल्याचे विक्रेत्याला कळवले की पुरे. कळवायचे मात्र लगेच, आणि तोवर डब्यांना हात लावायचा नाही. सहाशेतले वीस डबे काढून कर्मचाऱ्यांना वाटले, तर तो मालकासारखा उपयोग झाला.

त्याच संध्याकाळी संस्थेने जे पत्र पाठवले, ते साधारण असे असेल :

दिनांक : २४ ऑक्टोबर २०२५

विषय : ६०० स्टील डब्यांचा मुदतीनंतर आलेला माल नाकारण्याबाबत व अंतिम हिशेबाबाबत

संदर्भ : (१) आमची ऑर्डर, दि. १८/८/२०२५ (२) आमचे पत्र, दि. ९/१०/२०२५ (३) आमचे पत्र, दि. १५/१०/२०२५ (४) आपले डिलिव्हरी चलन, दि. २४/१०/२०२५

महोदय,

१. आपण पाठवलेले ६०० डबे आज दुपारी आमच्या कार्यालयात पोचले. या डब्यांची ऑर्डर संदर्भ (३) च्या पत्राने यापूर्वीच रद्द केलेली असल्याने हा माल आम्ही स्वीकारू शकत नाही. चलनावर तशी नोंद केली आहे.

२. झाकणावरील नावाचा नमुना आपण २१ ऑगस्टला पाठवला होता. त्याला आमची मंजुरी २५ ऐवजी २९ ऑगस्टला मिळाली. हे चार दिवस आमच्याकडून गेले असल्याने मालाची मुदत आम्ही ३० सप्टेंबरऐवजी ४ ऑक्टोबर धरली आहे, आणि नकाराची मुदतही त्याप्रमाणे १४ ऑक्टोबरपर्यंत मोजली आहे.

३. दि. ९ ऑक्टोबरला मिळालेले १,४०० डबे आम्ही स्वीकारले आहेत. त्यांना पाच दिवस, म्हणजे आठवड्याचा भाग, उशीर झाला. अट २ नुसार ३,३६,००० रुपयांवर एक टक्का, म्हणजे ३,३६० रुपये होतात.

४. रद्द केलेल्या ६०० डब्यांऐवजी आम्हाला २७५ रुपये दराने खरेदी करावी लागली. अट ४ नुसार नगामागे ३५ रुपये फरक, म्हणजे २१,००० रुपये होतात. तीन दरपत्रके व खरेदीचे बिल सोबत जोडले आहे. या ६०० डब्यांवर विलंबाची वेगळी भरपाई आम्ही लावलेली नाही.

५. त्यानुसार १,४०० डब्यांची किंमत ३,३६,००० रुपये, वजा आगाऊ रक्कम १,२०,००० रुपये, वजा वरील २४,३६० रुपये, अशी १,९१,६४० रुपये बाकी देय होते. करासह ही रक्कम आपल्या बिलाच्या ठरलेल्या मुदतीत आपल्या खात्यात जमा केली जाईल.

६. ६०० डबे आमच्या कार्यालयात सुरक्षित आहेत. ते आपल्या खर्चाने सात दिवसांत घेऊन जाण्याची व्यवस्था करावी. कार्यालय सकाळी दहा ते पाच या वेळेत उघडे असते.

७. हिशेबात काही चूक आढळल्यास किंवा उशिराचे कारण कागदपत्रांसह मांडायचे असल्यास कृपया ३ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावे. त्याचा अवश्य विचार केला जाईल. करारानुसार असलेले आमचे इतर हक्क राखून हे पत्र देत आहोत.

पहिल्या खेपेतील डब्यांचे काम चांगले झाले आहे, हे आवर्जून नमूद करतो.

कळावे,
आपला विश्वासू,
सचिव

पत्रात आवाज कुठेही चढलेला नाही. तरी पुरवठादाराला सर्वांत जड जाईल तो दुसरा परिच्छेद, कारण त्यात संस्थेने स्वतःचे चार दिवस आपणहून वजा केले आहेत. दंडाच्या पत्राला पुरवठादाराचे पहिले उत्तर ठरलेले असते : 'उशीर तुमच्यामुळेच झाला.' नमुन्याची मंजुरी लांबली, आगाऊ रक्कम उशिरा आली, पत्ता बदलला. यातले काही खरे असेल आणि पत्रात त्याचा उल्लेखच नसेल, तर एकट्या त्या मुद्द्यावर सगळा हिशेब डळमळतो. इथे तो मुद्दा आधीच निकालात काढला आहे. त्यासाठी संस्थेला मोजावे लागले ते फक्त ३,३६० रुपये. चार दिवस धरले नसते तर ९ ऑक्टोबरची खेप नऊ दिवस उशिराची ठरली असती, दोन आठवड्यांचे दोन टक्के लागले असते आणि रक्कम ६,७२० झाली असती.

चौथ्या परिच्छेदातले शेवटचे वाक्यही असेच विचारपूर्वक सोडलेले पैसे आहेत. ६०० डब्यांवर दरातला फरकही घ्यायचा आणि वर आठवड्याचा एक टक्काही लावायचा, हा मोह बहुतेकांना होतो. अटीत दोन्ही लिहिले आहे मग का सोडायचे, असा त्यामागचा विचार. पण ते डबे संस्थेने घेतलेच नाहीत. त्यांच्या न येण्याने झालेले नुकसान म्हणजे दुसरीकडे जास्त मोजावे लागलेले पैसे, आणि ते फरकाच्या रूपाने वसूल झाले. एकाच नुकसानीची दोनदा वसुली मागितली, की कलम ७४ आडवे येते.

करार कायद्याचे हे कलम ७४ म्हणते की, करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती 'वाजवी भरपाई', आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. करारातला आकडा म्हणजे छत आहे. तेवढे पैसे आपोआप मिळतात असे नाही.

वाजवी म्हणजे किती, हे दोन जुन्या खटल्यांतून कळते. मौलाबक्ष नावाच्या ठेकेदाराने १९४७ मध्ये लष्कराला बटाटे, आणि वेगळ्या कराराने कोंबड्या, अंडी व मासे पुरवण्याचे कबूल केले होते. अनामत होती १०,००० आणि ८,५०० रुपये. पुरवठा नीट होईना, तेव्हा सरकारने करार रद्द करून दोन्ही अनामती जप्त केल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्या जप्तीला मान्यता दिली नाही. बटाटे आणि अंडी बाजारात मिळतात. दुसरीकडून घेताना किती जास्त पडले हे सरकारला सहज दाखवता आले असते, पण सरकारने ते दाखवलेच नाही.

दुसऱ्या खटल्याचा निकाल उलट लागला. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी ओएनजीसीने सॉ पाइप्स या कंपनीकडून पोलादी नळ मागवले होते. युरोपातल्या पोलाद कामगारांच्या संपामुळे कच्चा माल अडकला आणि कंपनीने मुदतवाढ मागितली. ओएनजीसीने पंचेचाळीस दिवस वाढवून दिले, पण त्याच पत्रात लिहिले की ठरलेली भरपाई कापली जाईल. नंतर रक्कम कापली तेव्हा लवादाने ओएनजीसीला नुकसानीचा पुरावा मागितला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निवाडा बाजूला सारला. नळ उशिरा आल्याने समुद्रातले काम खोळंबते, त्याचे नुकसान रुपयांत मोजणे अवघड असते. अशा ठिकाणी दोघांनी आधीच समजून उमजून ठरवलेली रक्कम वाजवी असेल तर तीच द्यावी लागते.

पतसंस्थेच्या पत्रात हे दोन्ही धडे वेगवेगळ्या परिच्छेदांत बसले आहेत. डबे नऊ तारखेला आल्याने नेमके किती रुपयांचे नुकसान झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. धावपळ झाली, शाखांकडे माल पाठवायला वेळ कमी उरला, एवढेच. तिथे ठरलेला एक टक्का योग्य आहे. उलट ६०० डब्यांचे नुकसान बाजारात मोजता येते. म्हणून तिथे दरपत्रके आणि बिल जोडले.

नुकसान मुळीच झाले नसेल तर? बिननावाचे डबे २३० रुपयांना मिळाले असते तर फरक मागण्यासारखे काही उरलेच नसते. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात दिल्ली विकास प्राधिकरणाला याचा अनुभव आला. रद्द केलेला भूखंड प्राधिकरणाने नंतर आधीच्या बोलीच्या कितीतरी पट किमतीला विकला होता, तरीही पहिल्या बोलीदाराची ७८ लाखांची अनामत ठेवून घेतली होती. जिथे तोटाच झाला नाही तिथे भरपाई कसली, असे म्हणत न्यायालयाने ती परत करायला लावली.

आता भाषेबद्दल. अशा पत्राचा पहिला खर्डा रागात लिहिला जातो आणि त्यात तीन प्रकारची वाक्ये हटकून असतात. पहिला प्रकार हेतूवर बोट ठेवणारा : 'आपण जाणूनबुजून आमची फसवणूक केली.' हेतू सिद्ध करण्याची गरज कुठल्याच कलमाला नाही. उशीर झाला हे पुरे असते, आणि फसवणुकीचा आरोप लिहिला की पुढचा सगळा वाद त्या शब्दाभोवती फिरतो. दुसरा प्रकार धमकीचा : काळ्या यादीत टाकू, पोलिसांत जाऊ, सगळ्या संस्थांना कळवू. जे करायचा अधिकार नाही किंवा मनातही नाही ते लिहिले, की जे खरोखर करणार आहोत त्याचेही वजन कमी होते. तिसरा प्रकार सर्वांत महाग पडणारा, आणि गंमत म्हणजे तो नम्रतेतून येतो : 'तरी शक्य तितक्या लवकर माल पाठवण्याची कृपा करावी.' १५ ऑक्टोबरच्या पत्रात रद्द म्हटल्यावर खाली सवयीने हे वाक्य राहिले असते, तर २४ तारखेचा टेम्पो संस्थेने स्वतःच बोलावल्यासारखे झाले असते. व्हॉट्सअॅपवर व्यवस्थापकाने पाठवलेला 'बघा, जमेल तसं पाठवा' हा निरोपही त्याच तोलाचा असतो. मुदत मूलभूत आहे असे कागदावर लिहून, बोलण्यात ती सैल केल्यासारखे होते.

मग सभ्यता दिसते कशात? समोरच्याला हिशेब तपासता येईल इतका उघडा ठेवण्यात, उत्तराला दहा दिवस देण्यात, डबे कुठे आहेत आणि कधी नेता येतील हे सांगण्यात. जे काम चांगले झाले त्याची एक ओळ लिहिल्याने हक्काला बाधा येत नाही. ती ओळ १,४०० डब्यांपुरती आहे हे मात्र स्पष्ट असावे.

पुरवठादार छोटा उत्पादक असेल आणि त्याची उद्यम नोंदणी असेल, तर आणखी एक घड्याळ चालू असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार अशा उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो मिळाल्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते. पैसे थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २४ ऑक्टोबरचे पत्र ८ नोव्हेंबरच्या आत जाण्याला म्हणूनही महत्त्व होते. आणि म्हणूनच पहिल्या खेपेचे पैसे ६०० डब्यांचा वाद मिटेपर्यंत अडवून ठेवायचे नसतात. ९ ऑक्टोबरला स्वीकारलेल्या मालाची मुदत २३ नोव्हेंबरला संपते. दंडाचे ३,३६० रुपये बरोबर असूनही बाकीचे दोन लाख अडवले, तर उशिरा पैसे देणारे म्हणून आरोपीच्या जागी संस्थाच येऊन बसते.

कराच्या बाजूनेही लेखापालांचा एक प्रश्न नेहमीचा असतो : कापलेल्या दंडावर जीएसटी लावायचा का? ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या परिपत्रकाने (क्रमांक १७८) हे स्पष्ट केले आहे की, करारभंगाबद्दल कापलेली भरपाई ही कुठल्या सेवेचा मोबदला नसल्याने तिच्यावर कर नाही. नाकारलेल्या ६०० डब्यांचे बिल आलेच असेल, तर त्यासाठी पुरवठादाराने क्रेडिट नोट काढायची असते. पत्राबरोबर तशी विनंती केलेली बरी.

पुरवठादाराच्या बाजूने विचार केला तर त्याच्यापुढे तीन पर्याय उरतात. हिशेब मान्य करून क्रेडिट नोट पाठवणे आणि नाव कोरलेली झाकणे बदलून डबे दुसरीकडे विकणे, हा पहिला. उशिराचे खरे कारण, जसे पत्र्याचा पुरवठा थांबल्याचे किंवा कारखान्याची वीज तोडल्याचे कागद, ३ नोव्हेंबरपर्यंत मांडणे, हा दुसरा. ऑर्डरमध्ये आकस्मिक आपत्तीची अट असेल तर त्या कागदांना वजन येते. ती नसेल तर ते सवलतीची विनंती एवढेच ठरतात, आणि तीनेक हजारांची सवलत द्यायची की नाही हे संचालक मंडळ पुढच्या वर्षीच्या ऑर्डरचा विचार करून ठरवते. तिसरा पर्याय म्हणजे कापलेल्या रकमेसाठी राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करणे. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लवाद बसतो. दोन्ही बाजूंना तिथे दाखवायला लागतात त्या वस्तू त्याच : ऑर्डरची मागची बाजू, ९, १५ आणि २४ ऑक्टोबरच्या तीन पत्रांच्या पोचपावत्या, आणि हाताने लिहिलेल्या शेऱ्याचे ते चलन.